गाड्या वाढल्या, हिस्सा घटला

२०१८-१९ या आर्थिक वर्षात मारुती सुझुकीने देशात १७ लाख ३० हजारांच्या आसपास प्रवासी गाड्या विकल्या. सहा वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, हाच आकडा १७ लाख ६१ हजारांच्या घरात होता. म्हणजे कंपनीची देशांतर्गत विक्री घटलेली नाही, उलट तीसेक हजारांनी वाढली आहे. आता याच दोन वर्षांचा दुसरा आकडा पाहावा. २०१८-१९ मध्ये देशात विकल्या जाणाऱ्या दर शंभर गाड्यांपैकी ५१ मारुतीच्या होत्या, २०२४-२५ मध्ये त्या ४१ उरल्या. पहिला आकडा वाचणारा म्हणेल, कंपनी जागच्या जागी उभी आहे. दुसरा वाचणारा म्हणेल, कंपनीचा पाया खचला. दोघांच्याही हातातले आकडे बरोबर आहेत.

दर महिन्याच्या १ तारखेला वाहन कंपन्या मागच्या महिन्याची विक्री जाहीर करतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळे येतात. कुणाची विक्री ‘विक्रमी’ असते, कुणाचा हिस्सा ‘दशकातील नीचांकी’. कधी कधी हे दोन्ही मथळे एकाच कंपनीबद्दल असतात. शेअर घेणारा, गाड्यांची एजन्सी चालवणारा, चाकणच्या छोट्या कारखान्यात सुटे भाग बनवणारा, या सगळ्यांचे पैसे या आकड्यांत अडकलेले असतात. म्हणून त्यांच्या आत काय घडते ते नीट उलगडून पाहायला हवे, आणि त्यासाठी मारुतीइतके बोलके उदाहरण भारतीय बाजारात शोधून सापडणार नाही.

सुरुवात भागाकारापासून करावी लागते. बाजारहिस्सा म्हणजे कंपनीची विक्री भागिले सगळ्या बाजाराची विक्री. वरच्या आकड्यावर कंपनीचा ताबा असतो, खालच्यावर नसतो. २०१८-१९ मध्ये देशात एकूण ३३ लाख ७७ हजार प्रवासी गाड्या विकल्या गेल्या होत्या. २०२४-२५ मध्ये त्या ४३ लाखांवर गेल्या. खालचा आकडा २७ टक्क्यांनी फुगला आणि वरचा जेमतेम पावणेदोन टक्क्यांनी. कंपनीच्या वाढीचा वेग बाजाराच्या वेगापेक्षा जास्त असेल तरच हिस्सा वाढतो, बरोबरीचा असेल तर टिकतो, कमी असेल तर घटतो. विक्री वाढली की घटली हा प्रश्न या हिशेबात येतच नाही.

५१ टक्के टिकवायला मारुतीला किती गाड्या विकाव्या लागल्या असत्या? ४३ लाखांचे ५१.२ टक्के म्हणजे सुमारे २२ लाख. प्रत्यक्षात विकल्या गेल्या १७ लाख ६१ हजार. फरक साधारण ४ लाख ४० हजारांचा. हातातली एकही गाडी न गमावता कंपनी चार लाखांहून जास्त गाड्यांनी मागे पडली, कारण त्या गाड्या तिच्या कधी झाल्याच नाहीत. त्या नव्याने आलेल्या मागणीतल्या होत्या आणि दुसऱ्यांच्या दारातून बाहेर पडल्या.

इथे बातम्यांत नेहमी होणारा एक घोटाळा सांगून टाकायला हवा. हिस्सा ५१ वरून ४१ वर आला, तेव्हा कुणी लिहिते ‘१० टक्क्यांची घसरण’ आणि कुणी लिहिते ‘२० टक्क्यांची घसरण’. शंभरातल्या दहा गाड्या कमी झाल्या, हा पहिला अर्थ. ज्या एक्कावन्न होत्या त्यांच्यातला पाचवा भाग गेला, हा दुसरा. हिशेबाने दोन्ही बरोबर आहेत, पण दोन्ही गोष्टी ‘टक्के’ म्हणूनच छापल्या जातात. शिवाय अशी ओळ वाचून पुष्कळ जण विक्रीच तेवढी घटली असे धरून चालतात. मथळ्यात नुसते ‘इतके टक्के’ दिसले, तर ते कशाचे टक्के आहेत हे खालच्या मजकुरात शोधावे. मजकुरातही सापडले नाही, तर त्या आकड्यावर विसंबू नये.

हिस्सा घटला आणि विक्री टिकली, ही झाली एक बाजू. याच कंपनीच्या इतिहासात अगदी उलटा प्रकारही घडलेला आहे आणि त्याची चर्चा त्या मानाने फार कमी झाली. २०१९-२० हे वाहन उद्योगाला अतिशय वाईट गेले. कर्जपुरवठा आटला होता, विम्याचा खर्च वाढला होता, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे मानक लागू होणार म्हणून गिऱ्हाईक थांबून होते. बाजार ३३ लाख ७७ हजारांवरून २७ लाख ७३ हजारांवर कोसळला. मारुतीची विक्री १७ लाख ३० हजारांवरून १४ लाख १४ हजारांवर आली. तीन लाखांहून जास्त गाड्या एका वर्षात कमी झाल्या. आणि हिस्सा? तो होता तिथेच राहिला, ५१ टक्के. सगळे एकाच वेगाने घसरले, म्हणून कोष्टकात मारुतीची जागा हलली नाही.

त्या वर्षी हिस्सा पाहून कुणाचे पोट भरले नसते. कारखान्यातली पाळी, कंत्राटी कामगारांचे दिवस, सुटे भाग पुरवणाऱ्याची महिन्याची ऑर्डर हे सगळे गाड्यांच्या संख्येवर चालते. व्हेंडर साचे आणि मशिन अमुक इतके नग निघतील या भरवशावर घेतो, बँकेचा हप्ता त्याच नगांतून फेडतो. नग १८ टक्क्यांनी घटले की आपली कंपनी अजून पहिल्या क्रमांकावर आहे याचा त्याला काहीही उपयोग नसतो. उलट २०२४-२५ मध्ये हिस्सा ४१ वर असताना त्याच्याकडचे काम टिकून होते, कदाचित वाढलेही असेल. कारण मारुतीची निर्यात २०१८-१९ मधल्या १ लाख ९ हजारांवरून ३ लाख ३३ हजारांवर गेली होती आणि निर्यातीची गाडी देशांतर्गत हिश्श्यात मोजलीच जात नाही. देशातली विक्री, निर्यात आणि दुसऱ्या कंपनीला बनवून दिलेल्या गाड्या असे सगळे धरले, तर कंपनीची एकूण विक्री १८ लाख ६२ हजारांवरून २२ लाख ३४ हजारांवर पोहोचली. ही वाढ २० टक्क्यांची आहे. हिस्सा दहा अंकांनी खाली येत होता त्याच सहा वर्षांतली.

मग हिस्सा पाहायचाच कशाला? कारण संख्या जे सांगत नाही ते तो सांगतो. विक्री वाढली ती स्वतःच्या कर्तबगारीने की सगळ्या बाजारालाच भरती आली म्हणून, हे नुसत्या संख्येवरून कळत नाही. ह्युंदाईचे पाहावे. २०१८-१९ मध्ये देशात सुमारे ५ लाख ४५ हजार गाड्या, २०२४-२५ मध्ये ५ लाख ९९ हजार. जवळजवळ १० टक्के वाढ, आणि वार्षिक अहवालात छापायला हा आकडा चांगलाच आहे. पण बाजार २७ टक्क्यांनी वाढला असल्याने हिस्सा १६ टक्क्यांवरून १४ च्या खाली आला. त्याच काळात टाटा मोटर्सची विक्री दुपटीहून जास्त होऊन साडेपाच लाखांवर गेली, महिंद्राचीही तशीच, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सेल्टोस घेऊन बाजारात उतरलेली किया शून्यावरून अडीच लाखांवर पोहोचली. वाढीव मागणी कुठे गेली ते इथे दिसते.

हेच जास्त उघड करून पाहायचे, तर हिस्सा एकूण बाजारातला न काढता फक्त वाढीतला काढावा. सहा वर्षांत बाजारात ९ लाख २४ हजार गाड्यांची भर पडली. त्यांतल्या मारुतीच्या वाट्याला आल्या ३१ हजार. म्हणजे वाढीतला हिस्सा सव्वातीन टक्के. जुन्या बाजारात अर्ध्याहून जास्त जागा व्यापणारी कंपनी नव्या बाजारात जवळपास नव्हतीच, असा निष्कर्ष या आकड्यातून निघतो आणि तो चांगलाच झोंबणारा आहे.

मात्र हा आकडा वापरताना एक काळजी घ्यावी लागते. सुरुवातीचे वर्ष कोणते धरले यावर तो भलताच बदलतो. २०१८-१९ ऐवजी २०२०-२१ पासून मोजून पाहावे. टाळेबंदीच्या त्या वर्षी बाजार २७ लाख ११ हजारांवर होता आणि मारुती १२ लाख ९४ हजारांवर. तिथून २०२४-२५ पर्यंत बाजार जवळपास १५ लाख ९० हजारांनी वाढला आणि मारुती ४ लाख ६७ हजारांनी. वाढीतला हिस्सा एकदम २९ टक्के. कंपनी तीच, शेवटचे वर्ष तेच, फक्त सुरुवात दोन वर्षे पुढे सरकवली. सादरीकरण करणारा आपल्या सोयीचे वर्ष निवडतो, हे वाचणाऱ्याने गृहीतच धरावे. निदान दोन वेगवेगळी वर्षे आधाराला धरून उत्तर तपासले, तर फसण्याची शक्यता बरीच कमी होते.

इथवरच्या हिशेबात बाजार हा एकसंध धरला होता. तो तसा नाही आणि या प्रकरणातली सर्वांत रंजक गोष्ट याच ठिकाणी दडलेली आहे. वाहन उत्पादकांची संघटना सियाम प्रवासी गाड्यांचे तीन भाग करते. हॅचबॅक आणि सेडान मिळून ‘कार’, एसयूव्ही आणि मोठ्या कुटुंबाच्या गाड्या मिळून ‘युटिलिटी’, आणि तिसरी व्हॅन. २०१८-१९ मध्ये २२ लाख १९ हजार कार विकल्या गेल्या होत्या आणि युटिलिटी ९ लाख ४१ हजार. सहा वर्षांत हे चित्र पार उलटले. कार १३ लाख ५३ हजारांवर आल्या आणि युटिलिटी जवळजवळ २८ लाखांवर गेल्या. सगळा बाजार २७ टक्क्यांनी वाढला म्हणताना त्याच्या पोटातला एक भाग तिप्पट झाला होता आणि दुसरा ३९ टक्क्यांनी आक्रसला होता.

आता या प्रत्येक भागात मारुतीचे काय झाले? कारमध्ये २०१८-१९ मध्ये तिचा हिस्सा ५८ टक्के होता. २०२४-२५ मध्ये तो ६७ टक्के झाला. घटलेला नाही, नऊ अंकांनी वाढला आहे. व्हॅनमध्ये ८२ टक्क्यांवरून तो ९० टक्क्यांच्या जवळ गेला. युटिलिटीमध्ये मात्र २८ टक्क्यांवरून पावणेसव्वीसवर आला, म्हणजे सव्वादोन अंकांची घट. तीन भागांपैकी दोन भागांत भरपूर वाढ, एका भागात थोडी घट, आणि सगळ्यांची बेरीज केली की दहा अंकांची घसरण.

पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे खोटे वाटते. पण आकडेमोड करून पाहता येते. समजा, सहा वर्षांत मारुतीचा कोणत्याही भागातला हिस्सा तसूभरही हलला नसता. कारमध्ये ५८, युटिलिटीत २८, व्हॅनमध्ये ८२ टक्के हेच प्रमाण २०२४-२५ च्या बाजाराला लावावे. १३ लाख ५३ हजार कारमधून ७ लाख ८५ हजार मिळाल्या असत्या. २७ लाख ९७ हजार युटिलिटीतूनही योगायोगाने तेवढ्याच, ७ लाख ८५ हजार. दीड लाख व्हॅनमधून सव्वा लाख. बेरीज १६ लाख ९५ हजार आणि एकूण हिस्सा ३९.४ टक्के. प्रत्यक्षातला हिस्सा आहे ४०.९. म्हणजे प्रत्येक भागात आपापली जागा तंतोतंत राखली असती, तरी कंपनी ५१ वरून ३९ वर आलीच असती. प्रतिस्पर्ध्यांशी झालेल्या लढतींची गोळाबेरीज केली, तर मारुतीने उलट दीड अंक कमावला आहे. सगळी घसरण बाजाराचा पोत बदलल्यामुळे झालेली आहे. गिऱ्हाईक जिथे मारुती बलवान होती तिथून उठले आणि जिथे ती कमी बलवान होती तिथे जाऊन बसले.

या चमत्काराची दुसरी बाजू महिंद्राच्या आकड्यांत दिसते. तिथे सगळे उलटे आहे. २०१८-१९ मध्ये महिंद्राने २ लाख ३५ हजार युटिलिटी गाड्या विकल्या, त्या भागातला तिचा हिस्सा २५ टक्के होता. २०२४-२५ मध्ये तिने ५ लाख ५१ हजार विकल्या, पण हिस्सा २० टक्क्यांच्या थोडा खाली आला. स्वतःच्या घरच्या मैदानात पाच अंकांची घट. तरीही एकूण प्रवासी गाड्यांमधला तिचा हिस्सा साडेसातवरून पावणेतेरा टक्क्यांवर गेला. ज्या भागात ती उभी होती तोच भाग तिप्पट झाला, म्हणून त्यातला आपला वाटा कमी होऊनही एकूण बाजारात ती मोठी झाली. नाशिक आणि चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रांग वाढत गेली ती अशी. विक्री दुपटीहून जास्त, एकूण हिस्सा वर, भागातला हिस्सा खाली. तिन्ही विधाने एकाच कंपनीबद्दल, एकाच काळातली आणि तिन्ही खरी.

मग मारुतीचा काहीच दोष नाही, असे म्हणायचे का? तसे म्हणता येणार नाही. कोणत्या भागात उभे राहायचे हा कंपनीचाच निर्णय असतो आणि ‘बाजारच बदलला’ हे उत्तर फार सोपे आहे. युटिलिटी गाड्यांची मागणी एका रात्रीत वाढली नव्हती, ती वर्षानुवर्षे डोळ्यांदेखत वाढत होती. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू होताना मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. छोट्या गाड्यांसाठी तो निर्णय हिशेबी होता, पण मोठ्या गाडीचा गिऱ्हाईक तेव्हा डिझेल मागत होता आणि तो दुसऱ्या शोरूममध्ये गेला. २०२१-२२ मध्ये देशात सुमारे १४ लाख ९० हजार युटिलिटी गाड्या विकल्या गेल्या, त्यांतल्या मारुतीच्या २ लाख ९० हजार. हिस्सा साडेएकोणीस टक्के. म्हणजे २८ आणि २६ या दोन टोकांच्या मध्ये एक खोल खड्डा होता. सुरुवातीचे आणि शेवटचे वर्ष एवढेच पाहणाऱ्याला तो दिसत नाही. त्यातून कंपनी बाहेर आली ती २०२२ च्या जूनमध्ये नवी ब्रेझा, त्याच सप्टेंबरात ग्रँड विटारा आणि एप्रिल २०२३ मध्ये फ्राँक्स आणल्यानंतर.

५१ टक्के राखण्यासाठी २०२४-२५ मध्ये युटिलिटीतला हिस्सा किती लागला असता, तेही काढता येते. कार आणि व्हॅनमध्ये जे मिळाले ते धरून उरलेल्या गाड्या मोजल्या, तर उत्तर येते साडेएक्केचाळीस टक्के. टाटा, महिंद्रा, ह्युंदाई, किया, टोयोटा सगळे ज्या भागात जीव तोडून उतरले होते, तिथे दर पाचांपैकी दोन गाड्या. त्या भागात एवढा वाटा तेव्हा कोणत्याच कंपनीकडे नव्हता.

दुसऱ्या टोकाला छोट्या गाडीचे दुखणे आहे आणि ते नुसते मारुतीचे नाही. २०१८-१९ मध्ये एकट्या ऑल्टोने अडीच लाखांहून जास्त घरांत प्रवेश केला होता. २०२४-२५ मध्ये ऑल्टो आणि एस-प्रेसो मिळून सव्वा लाख गाड्या गेल्या. नवी मानके आणि विमा यांमुळे किमती चढल्या, आणि स्कूटरवरून पहिल्यांदा चारचाकीवर येणारे कुटुंब दारातच थांबले. कारमधला ६७ टक्के हिस्सा म्हणजे या आक्रसत चाललेल्या भागातला वाढता हिस्सा आहे. विक्री घटते आहे आणि हिस्सा वाढतो आहे. कारण त्या भागातून बाकीचे एकेक करून निघून चालले आहेत. अशी आघाडी जाहिरातीत शोभून दिसते. कारखान्याच्या हिशेबात मात्र ती १२ लाख ८७ हजारांवरून ९ लाख ५ हजारांवर आलेली विक्री असते.

आता भागांचे हे आकडे वापरताना भाग कुणी आणि कसे पाडले हेही पाहायला हवे. मारुतीच्या मासिक प्रसिद्धीपत्रकात एक कोष्टक असते. डाव्या रकान्यात गट, त्यापुढे गाड्यांची नावे. बलेनो ‘कॉम्पॅक्ट’ कारच्या ओळीत आहे. फ्राँक्स त्याच्या खाली, युटिलिटीच्या ओळीत. फ्राँक्स ही बलेनोच्याच सांगाड्यावर उभी केलेली, थोडी उंच आणि दणकट दिसणारी गाडी आहे. २०२४-२५ मध्ये ती दीड लाखांहून जास्त विकली गेली. ती एक ओळ वर सरकवली, तर युटिलिटीतला मारुतीचा हिस्सा पावणेसव्वीसवरून २१-२२ टक्क्यांवर येतो आणि कारमधला ७० टक्क्यांवर जातो. रस्त्यावरची एकही गाडी बदललेली नसते. अर्थात हा प्रकार एकट्या मारुतीचा नाही. टाटाची पंच आणि ह्युंदाईची एक्स्टर याही आकाराने हॅचबॅकच्या जवळच्याच आणि त्याही युटिलिटीतच मोजल्या जातात. युटिलिटी ‘तिप्पट’ झाल्या, त्यात अशा गाड्यांचा वाटा मोठा आहे, आणि कारच्या आकुंचनातला काही भाग म्हणजे एका रकान्यातून दुसऱ्यात गेलेले तेच गिऱ्हाईक आहे. एकूण हिश्श्याच्या आकड्याला हा धोका नाही, कारण गाडी कोणत्याही ओळीत घातली तरी बेरीज तीच राहते. म्हणूनच भागातला हिस्सा आणि एकूण हिस्सा शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

कोष्टकाच्या तळाशी आणखी एक ओळ असते, दुसऱ्या कंपनीला दिलेल्या गाड्यांची. २०२४-२५ मध्ये अशा १ लाख ६ हजार गाड्या मारुतीने दिल्या. टोयोटाची ग्लान्झा ही मूळची बलेनो, टोयोटाची टायसर ही मूळची फ्राँक्स. त्या मारुतीच्या कारखान्यात बनतात, पण शोरूममध्ये पाटी टोयोटाची आणि हिस्साही टोयोटाचा. उलट ग्रँड विटारा कर्नाटकात बिडदीला टोयोटाच्या कारखान्यात तयार होते आणि मारुतीच्या हिश्श्यात जमा होते. कारखाना कुणाचा चालला हे पाहायचे असेल, तर हिश्श्याचा तक्ता इथे दगा देतो.

आणि विक्री म्हणजे नेमके काय? सियामचा आकडा कंपनीने डीलरकडे रवाना केलेल्या गाड्यांचा असतो. डीलरच्या आवारात त्या उभ्या राहिल्या, तरी कंपनीच्या वहीत त्या विकल्या गेलेल्या असतात. डीलरांची संघटना फाडा आरटीओतल्या नोंदणीवरून आकडे काढते. २०२४-२५ मध्ये सियामचा बाजार ४३ लाखांचा होता आणि फाडाचा साडेएक्केचाळीस लाखांचा. त्यातला काही फरक तेलंगणाची नोंदणी फाडाच्या आकड्यात नसल्यामुळे आहे आणि काही आवारात उभ्या असलेल्या गाड्यांमुळे. या दोन आकड्यांवरून काढलेला वार्षिक हिस्सा फारसा वेगळा येत नाही. एकेका महिन्याचा मात्र येऊ शकतो. सणासुदीच्या आधी कंपनी डीलरांकडे माल रेटते आणि त्या महिन्यात तिचा हिस्सा फुगलेला दिसतो. पुढच्या महिन्यात डीलर सूट देऊन आवार मोकळे करत असतो आणि नवी गाडी घेत नाही, की हिस्सा पडतो. म्हणून एका महिन्यात हिस्सा दोन अंकांनी हलला, तर आधी फाडाच्या नोंदणीकडे पाहावे. नोंदणीही तेवढीच हललेली असेल तरच बाजारात काहीतरी घडले असे समजावे.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. २२ तारखेपासून नवे दर लागू झाले आणि त्यामुळे पोत उलट्या दिशेने फिरण्याची शक्यता तयार झाली. समजा, कारची मागणी दोन लाखांनी वाढली आणि बाकी सगळे २०२४-२५ सारखेच राहिले, मारुतीचा प्रत्येक भागातला हिस्साही तोच. तर तिला त्या दोन लाखांतल्या १ लाख ३४ हजार गाड्या मिळतील आणि एकूण हिस्सा ४०.९ वरून ४२.१ वर जाईल. तेव्हा मारुतीने प्रतिस्पर्ध्यांकडून जागा हिसकावली असे लिहिले जाईल. प्रत्यक्षात तिने कुणाकडूनही एक गाडी घेतलेली नसेल.

मूळ कंपनी सुझुकीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या मध्यम मुदतीच्या योजनेत भारतात पुन्हा ५० टक्के हिस्सा मिळवण्याचे उद्दिष्ट आहे आणि वर्षाला ४० लाख गाड्यांची उत्पादनक्षमता उभारण्याचेही. या उद्दिष्टाचा अर्थ बाजार किती वाढतो यावर अवलंबून आहे. समजा, बाजार ४३ लाखांवरून ५० लाखांवर गेला. ५० टक्क्यांसाठी मारुतीला २५ लाख गाड्या हव्यात, म्हणजे २०२४-२५ पेक्षा ७ लाख ४० हजार जास्त. बाजारात नव्याने येणार ७ लाख. येणारी प्रत्येक नवी गाडी मारुतीचीच असली, तरी ४० हजार गाड्या दुसऱ्यांच्या हातून काढून घ्याव्या लागतील. बाजार ६० लाखांवर गेला तर ३० लाख हव्यात. १७ लाखांच्या वाढीतल्या साधारण १२ लाख ४० हजार मारुतीला मिळाल्या की काम झाले, आणि उरलेल्या साडेचार लाखांत टाटा, महिंद्रा, ह्युंदाई सगळे आपापली विक्री वाढवूनही मागे पडलेले असतील.